चढलो की हवा बदलली? ट्रेकआधी घड्याळातला अल्टिमीटर, बॅरोमीटर आणि होकायंत्र जुळवण्याची पद्धत

रविवारी सकाळी दहा वाजता तुमचं नवं ट्रेकिंग घड्याळ टेबलावर ठेवा. त्यातला अल्टिमीटर उघडा, दिसणारी उंची कागदावर लिहा आणि दिवसभर घड्याळाला हात लावू नका. दुपारी चार वाजता पुन्हा बघा. पुण्यात, नाशकात, मुंबईत, कुठेही केलंत तरी टेबलावरचं घड्याळ तोवर वीस ते तीस मीटर वर चढलेलं दिसेल. रात्री दहापर्यंत ते बरंचसं खाली उतरलेलं असेल.

नवीन घेतलेल्या अनेकांना हे पाहून घड्याळ बिघडलं असं वाटतं. ते बिघडलेलं नसतं. उलट, त्याचा सेन्सर उत्तम चालतोय याचा तो पुरावा असतो. हा प्रयोग मी ओळखीच्या प्रत्येक नवख्या ट्रेकरला पहिल्यांदा करायला लावतो, कारण घड्याळ नेमकं काय मोजतं हे त्यातून कळतं. ते एकदा कळलं की पुढचं कॅलिब्रेशन पाठ करावं लागत नाही.

एकच सेन्सर, दोन नावं

या घड्याळांना बाजारात ‘एबीसी’ म्हणतात: अल्टिमीटर, बॅरोमीटर, कंपास. नावावरून वाटतं की आत तीन वेगळी यंत्रं आहेत. होकायंत्र खरोखरच वेगळं आहे, त्याबद्दल नंतर बोलू. पण अल्टिमीटर आणि बॅरोमीटर यांच्यामागे हवेचा दाब मोजणारा एकच छोटा सेन्सर असतो. वर गेलं की डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर चढलात की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. दीड हजार मीटरच्या आसपास हवा विरळ असल्याने तेवढ्याच फरकासाठी पावणेदहा मीटर चढावं लागतं. हा हिशोब उलटा करून घड्याळ तुम्हाला उंची दाखवतं.

अडचण अशी की दाब हवामानामुळेही बदलतो. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला हे सेन्सरला कळतं. पण तुम्ही नऊ मीटर चढलात की तुम्ही जागेवरच असताना हवा बदलली, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून घड्याळाला दोनपैकी एक गोष्ट गृहीत धरावी लागते. अल्टिमीटर चालू असताना ते हवा स्थिर आहे असं धरतं आणि दाबातला सगळा बदल उंचीच्या खात्यात टाकतं. बॅरोमीटर चालू असताना तुम्ही स्थिर आहात असं धरून तोच बदल हवामानाच्या खात्यात टाकतं. कॅलिब्रेट करणं म्हणजे ठरावीक वेळी त्याला खरी उंची सांगून दोन्ही खाती पुन्हा वेगळी करून देणं.

टेबलावरचं घड्याळ चढलं ते यामुळेच. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा वर-खाली होतो, अगदी समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये ही उतरण साधारण ३ हेक्टोपास्कलची, कधी थोडी जास्तही असते. युरोपात हीच रोजची लाट फार लहान असते. त्यामुळे तिकडच्या हवामानासाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही, आणि आपल्या ट्रेकरना मात्र ती रोज भेटते.

बऱ्याच घड्याळांत ‘ऑटो’ मोड असतो. हात हलतोय का, दाब किती वेगाने बदलतोय, हे पाहून चढाई की हवामान हे घड्याळ स्वतः ठरवतं. टेबलावरचा प्रयोग ऑटोमध्ये केलात तर ते ‘मी स्थिर आहे’ असं ओळखून उंची धरून ठेवेल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. म्हणून प्रयोगासाठी `Altimeter` हा मोड मुद्दाम निवडा.

घरी, ट्रेकच्या आठवडाभर आधी

पहिलं काम म्हणजे बॅरोमीटरचा आकडा वाचायला शिकणं. दाब दोन पद्धतींनी सांगितला जातो. एक, तुम्ही उभे आहात तिथला प्रत्यक्ष दाब. दोन, तुम्ही समुद्रसपाटीवर असता तर किती असता, असा हिशोब करून आलेला दाब. हवामानाच्या बातम्यांत आणि संकेतस्थळांवर दुसरा आकडा असतो, कारण त्याशिवाय वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता येत नाही. पुण्यात बातम्यांत १०१२ वाचलंत आणि घड्याळात ९४९ दिसलं तर दोन्ही बरोबर आहेत. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, तिथला प्रत्यक्ष दाब एवढाच असणार.

इथे नवख्यांचा एक हमखास घोळ होतो. घड्याळ चुकतंय असं समजून ते बॅरोमीटरच्या कॅलिब्रेशनमध्ये जातात आणि तिथे बातम्यांतला १०१२ भरतात. कॅसिओच्या घड्याळांत तो आकडा प्रत्यक्ष दाबाचा असतो. तिथे समुद्रसपाटीचा दाब भरला की सेन्सर चुकीच्या आकड्याला बांधला जातो आणि पुढचं प्रत्येक वाचन चुकतं. असं आधीच केलं असेल तर मेनूतून सेन्सर मूळ फॅक्टरी स्थितीत न्या आणि बॅरोमीटरला हात लावू नका. सेन्सरचं मूळ कॅलिब्रेशन कारखान्यातच झालेलं असतं. आपण फक्त उंची सांगायची.

दुसरं काम, घराची उंची शोधून ती घड्याळाला देणं आणि दोन-तीन दिवस निरीक्षण करणं. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर जमिनीच्या उंचीत मजल्यामागे तीन मीटर मिळवा. मग जिना उतरून पुन्हा चढा. चार मजल्यांचे बारा मीटर घड्याळाने एक-दोन मीटरच्या फरकाने दाखवले तर सेन्सर ठीक आहे. आकडा हलायला मिनिट-दोन मिनिटं लागत असतील तर सेन्सरच्या छिद्रांत घाम, साबण किंवा माती अडकलेली असते. घड्याळ नळाच्या साध्या पाण्याखाली धरा आणि वाळू द्या. टाचणी किंवा टूथपिक त्या छिद्रांत कधीही घालू नका.

खरी उंची आणायची कुठून

कॅलिब्रेशन तुम्ही दिलेल्या आकड्याइतकंच चांगलं असतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

मला सर्वात आवडणारा आधार रेल्वेचा आहे. फलाटाच्या दोन्ही टोकांना असलेल्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. कसाऱ्याला, इगतपुरीला, लोणावळ्याला किंवा कर्जतला उतरून ट्रेकला निघणाऱ्यांना हा आकडा फुकट आणि भरवशाचा मिळतो. ट्रेन निघून गेली की पाटीपाशी जा, उंची वाचा आणि घड्याळात भरा. पाटी फलाटाच्या पातळीची असते, पादचारी पुलावर उभं राहून भरू नका.

दुसरा आधार म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट. त्यात शिखरांच्या, खिंडींच्या उंची छापलेल्या असतात आणि समोच्च रेषांवरून मधल्या ठिकाणांचा अंदाज घेता येतो. मोबाइलवरच्या चांगल्या नकाशांतही समोच्च रेषा असतात आणि त्या चालतात. फक्त तुम्ही उभे आहात ती जागा नकाशावर नक्की ओळखता आली पाहिजे. तीव्र उतारावर नकाशातली जागा वीस-तीस मीटरने सरकली तरी उंचीत मोठा फरक पडतो. म्हणून सपाट जागा निवडा: गावातलं मंदिर, खिंड, पठार.

तिसरा आधार मोबाइलचा जीपीएस, आणि याच्याबद्दल मला सावध करायचंय. जीपीएस उपग्रहांकडून जी उंची काढतो ती मुळात पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या गणिती आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. चांगली ॲप ही दुरुस्ती करून दाखवतात, काही करत नाहीत. दुरुस्ती न करणारं ॲप दादरच्या चौपाटीवर उघडलं तर ते उणे साठच्या पुढचा आकडा दाखवतं. तुमचं ॲप कोणत्या जातीचं आहे हे तपासायला चौपाटी किंवा रेल्वेची पाटी पुरते.

मी हे कधी तपासलं नव्हतं. एका जुलैमध्ये दाट धुक्यात आम्ही सहा जण उतरत होतो. सोंडेवरून ९४० मीटरला डावीकडच्या घळीत वळायचं, असं मी आदल्या रात्री नकाशावरून काढलं होतं. सकाळी पायथ्याशी मी मोबाइलवरच्या एका ॲपमधला आकडा घड्याळात भरला होता आणि तो सुमारे ६५ मीटरने कमी होता. घड्याळात ९४० आले तेव्हा आम्ही प्रत्यक्षात हजाराच्या वर होतो. तिथेही डावीकडे एक घळ होतीच. तिच्यातून पाऊण तास उतरल्यावर खाली सरळ कडा लागला. कोणाला काही झालं नाही, पण ओल्या दगडांवरून पुन्हा वर चढताना सगळ्यांच्या चेहऱ्यावरची भीती मला अजून आठवते. तेव्हापासून पायथ्याचा आकडा मी दोन स्वतंत्र ठिकाणांहून घेतो. दोहोंत वीस मीटरपेक्षा जास्त फरक आला की चूक सापडेपर्यंत निघत नाही.

पायथ्याशी

घरी केलेलं कॅलिब्रेशन पायथ्याशी उपयोगाचं राहत नाही. ते फक्त सेन्सर तपासण्यासाठी होतं. मधल्या दिवसांत हवा बदललेली असते आणि ऋतूप्रमाणे हा फरक मोठा असू शकतो. कारखान्यातून आलेलं घड्याळ समुद्रसपाटीला १०१३ हेक्टोपास्कल दाब धरतं. मुंबईत जुलैत तो सरासरी दहाएक हेक्टोपास्कलने कमी असतो. त्यामुळे न जुळवलेलं घड्याळ भर पावसाळ्यात दादरला ऐंशी मीटर उंचीवर नेऊन बसवतं.

गावात पोहोचल्यावर आधी गाडीतून उतरून पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा. मग मोड `Altimeter` करा, उंची भरा, आणि वेळेसह वहीत टिपून ठेवा. ऑटो मोड आणि जीपीएसवरून आपोआप जुळवणारं `Auto Cal` ट्रेकच्या दिवशी बंद ठेवावं, असं माझं मत आहे. ते मोकळ्या माळावर छान चालतं. पण सह्याद्रीत तुम्ही कड्याच्या पोटाशी किंवा घळीत अर्धा तास थांबता, तिथे अर्धं आकाश झाकलेलं असतं. अशा जागी जीपीएसची उंची भरकटते आणि घड्याळ त्या चुकीच्या आकड्यावर स्वतःला जुळवून घेतं. तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. हाताने केलेलं कॅलिब्रेशन कधी आणि कुठे केलं हे निदान तुम्हाला ठाऊक असतं.

कळसूबाईवर काय होतं

आता एक चढाई आकड्यांनिशी बघू. कळसूबाईची उंची १६४६ मीटर हे पक्कं माहीत आहे. समजा डिसेंबरात पहाटे पाच वाजता बारी गावातून निघालात आणि सुरुवातीच्या जागेची उंची तुम्हाला नकाशावरून ७५० मीटर मिळाली. ती घड्याळात भरली. चढाई आहे ८९६ मीटरची. साडेनऊला शिखरावर पोहोचलात. घड्याळ किती दाखवेल?

साधारण १६०० मीटर, म्हणजे पन्नासेक मीटर कमी. सेन्सर नवा आणि निर्दोष असला तरीही. या पन्नास मीटरची दोन वेगळी कारणं आहेत आणि ती वेगळी ओळखणं हीच खरी समज.

पहिलं कारण ओळखीचं आहे. पहाटे पाचला दाबाची ओहोटी नुकतीच संपलेली असते आणि साडेनऊपर्यंत भरती जवळजवळ पूर्ण होते. तेवढ्यात दाब दीड-दोन हेक्टोपास्कल वाढतो. घड्याळ त्याचा अर्थ ‘थोडं खाली आलो’ असा लावतं आणि पंधरा-सतरा मीटर वजा करतं.

दुसरं कारण तापमानाचं. दाबावरून उंची काढताना घड्याळ एक प्रमाण हवा धरतं. त्या हवेत समुद्रसपाटीला १५ अंश तापमान असतं आणि ते दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. या हिशोबाने बाराशे मीटरवर ७ अंश हवेत. सह्याद्रीत डिसेंबरच्या सकाळीही चढाईभरचं सरासरी तापमान १८ च्या आसपास असतं. गरम हवा पसरलेली, हलकी असते. त्यामुळे दाब तेवढाच उतरायला प्रत्यक्षात जास्त चढावं लागतं आणि घड्याळ तुमची चढाई कमी मोजतं. हवा प्रमाणापेक्षा दर ३ अंशांनी गरम असेल तर चढाई सुमारे १ टक्क्याने कमी दिसते. इथे फरक ११ अंशांचा, म्हणजे पावणेचार टक्के, म्हणजे तेहतीसएक मीटर. एप्रिलच्या उन्हात हीच चूक सात-आठ टक्क्यांवर जाते.

‘माझं घड्याळ टेम्परेचर कॉम्पेन्सेटेड आहे’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की सेन्सर स्वतः तापला किंवा गारठला तर त्याचं वाचन बिघडत नाही. तुमच्या पायाखालच्या नऊशे मीटर हवेच्या थराचं तापमान त्याला ठाऊक नसतं. आणि मनगटावर असताना घड्याळ जे तापमान दाखवतं त्यात तुमच्या अंगाची ऊब मिसळलेली असते. हवेचं तापमान हवं असेल तर घड्याळ काढून सावलीत वीस मिनिटं टांगून ठेवा.

शिखरावर तुम्ही १६४६ भरलेत आणि साडेदहाला उतरायला लागलात. दुपारी दोनला खाली गावात आलात. आता त्याच जागी घड्याळ ७५० ऐवजी ८२० च्या आसपास दाखवेल. कारण उन्हात हवा आणखी गरम झाली, उतराई पन्नासेक मीटरने कमी मोजली गेली, आणि शिवाय दुपारची ओहोटी सुरू झाल्याने वीसेक मीटरची भर पडली. दोन्ही चुका पुन्हा एकाच दिशेने.

शिखरावर घड्याळाला हात लावला नसता तर? तर गावात ते जवळजवळ बरोबर ७५० दाखवतं. कारण जिथे कॅलिब्रेट केलं तिथेच परत आलात तर तापमानाची चूक उरतच नाही, आणि पहाटेची भरती दुपारच्या ओहोटीने बरीचशी फिटलेली असते. यातून असं दिसतं की हवामानाची चूक शेवटच्या कॅलिब्रेशनपासून किती वेळ गेला त्यावर वाढते आणि तापमानाची चूक तिथून किती उंचीचा फरक पडला त्यावर. म्हणून मी ओळखीच्या उंचीची जागा आली की घड्याळ जुळवतो, आणि दर दोन तासांनी किंवा तीनशे-चारशे मीटर चढाईनंतर अशी एखादी जागा यावी असं आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवतो. खिंड, मंदिर, पाण्याचं टाकं, पठाराची कड, काहीही चालतं. अशा तीन-चार जागा आणि त्यांच्या उंची कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवल्या की पुरे.

प्रत्येक जागी नवीन उंची भरण्याआधी घड्याळ किती दाखवत होतं तेही लिहा. फरक हळूहळू, एकाच दिशेने वाढत असेल तर तो तापमानाचा आणि रोजच्या लाटेचा. अचानक पन्नास मीटरची उडी दिसली तर एकतर तुम्ही जागा चुकीची ओळखलीत किंवा छिद्रांत पाणी गेलंय. धारेवर जोराचा वारा असताना आकडा आठ-दहा मीटर नाचतो. अशा वेळी घड्याळ जॅकेटच्या बाहीत घेऊन वाचा.

मुक्कामी बॅरोमीटर

रात्री तंबूत किंवा गुहेत स्थिरावलात की भूमिका बदलायची. उंची आता ठाऊक आहे आणि बदलणार नाही, म्हणून मोड `Barometer` करा. दाबात जो बदल दिसेल तो आता हवेचा.

नवख्यांची इथली चूक म्हणजे दुपारी उतरणारा आलेख पाहून वादळ येतंय असं समजणं. दुपारी तो रोजच उतरतो. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करा, आजच्या दहाशी नाही. तेवढ्याच उंचीवर, त्याच वेळी, कालच्यापेक्षा दोन-तीन हेक्टोपास्कल कमी असेल तर आपल्या भागात ती लक्ष देण्यासारखी गोष्ट आहे.

वादळाच्या इशाऱ्याचा अलार्म कसा वाजतो हेही माहीत हवं. सुंटोच्या घड्याळांत तीन तासांत ४ हेक्टोपास्कल उतार झाला की तो वाजतो. आपली रोजची ओहोटी एकटी सहसा तेवढी नसते. पण सकाळी मोड बदलायला विसरून बॅरोमीटरवरच चढायला लागलात तर चाळीसेक मीटर चढलं की अलार्म वाजणार. मोड राहिलाय हे कळण्याची ही सर्वात सोपी खूण.

आणि एप्रिल-मे महिन्यातला वळीव हे घड्याळ आधी सांगत नाही. तो ढग डोळ्यांसमोर तासा-दोन तासांत उभा राहतो आणि दाबात खुणेसारखा बदल होतो तोवर वारा सुटलेला असतो. त्यासाठी आकाशाकडेच बघायचं. दुपारी फुलकोबीसारखे ढग उंच वाढायला लागले की धार सोडून खाली या, घड्याळात काहीही दिसत असलं तरी.

होकायंत्र

घड्याळातलं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व मोजतं, आणि त्याला बिघडवायला जवळचं लोखंड पुरेसं असतं. चुंबकी चार्जर, चुंबकाचं बक्कल असलेला पट्टा, सॅकच्या छातीपट्ट्यावर अडकवलेला मोबाइल, एवढंही पुरतं. म्हणून याचं कॅलिब्रेशन पायथ्याशीच, गाडीपासून आणि विजेच्या खांबांपासून वीस-तीस पावलं दूर जाऊन करा.

पद्धत घड्याळाप्रमाणे बदलते. बऱ्याच जीपीएस घड्याळांत मनगट हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, आडव्या वेटोळ्यांत फिरवायचं, पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत. कॅसिओच्या अनेक मॉडेलांत घड्याळ सपाट दगडावर ठेवून बटण दाबायचं, मग ते जागच्या जागी १८० अंश फिरवून पुन्हा दाबायचं. या मॉडेलांत वाचतानाही मनगट आडवं धरावं लागतं. तिरकं धरलं तर दिशा चुकते.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, म्हणजे `Declination`, महाराष्ट्रात एक अंशाहून कमी आहे. तिथे शून्य ठेवा. हिमाचल-लडाखला जाताना तो दोन-तीन अंश पूर्व भरावा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना मात्र हे सोडून चालणार नाही: सिअ‍ॅटलजवळ हा फरक सुमारे १५ अंश पूर्व आहे, बॉस्टनजवळ सुमारे १४ अंश पश्चिम. तिथे सेटिंग न करता किलोमीटरभर चाललात तर वाटेपासून अडीचशे मीटर बाजूला जाल.

आपल्याकडे तपासणीची एक सुंदर सोय आहे. पहाटे निघताना उत्तरेचं आकाश मोकळं असेल तर ध्रुवतारा शोधा. डिसेंबरात पहाटे पाचला सप्तर्षी त्याच्या वर, उलटे टांगल्यासारखे दिसतात आणि त्यांचे पुढचे दोन तारे खाली ध्रुवाकडे बोट दाखवतात. कळसूबाईच्या परिसरातून ध्रुव क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा. घड्याळ त्याच्याकडे रोखा. होकायंत्राने ३५५ ते ५ अंशांच्या आत दाखवलं तर जुळणी बरोबर. दहा अंश चुकत असेल तर जागा बदलून पुन्हा कॅलिब्रेट करा.

वरती गेल्यावर दोन गोष्टी त्याला फसवतात. कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्या आणि रेलिंग ही पहिली. शिडीशेजारी थांबून दिशा वाचू नका, कॅलिब्रेट तर अजिबात करू नका. तिथे केलेलं कॅलिब्रेशन शिडीचं लोखंड धरून होतं आणि शिडीपासून दूर गेल्यावरही चुकीचं दाखवत राहतं. गडांवरच्या तोफांनाही हेच लागू. दुसरी गोष्ट म्हणजे आपला कातळ. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि शिखरांवर जिथे विजा पडल्या तिथले खडक चांगलेच चुंबकीय झालेले असतात. म्हणून घड्याळ खडकावर टेकवून नाही, छातीच्या उंचीवर धरून वाचा. मग दहा पावलं बाजूला जाऊन पुन्हा वाचा. दोन्ही वेळा दूरचं एकच शिखर रोखलं असेल तर आकडे जवळपास सारखे यायला हवेत. कळसूबाईवरून स्वच्छ हवेत हरिश्चंद्रगड दिसतो, तो १६० अंशांच्या जरा पुढे, दक्षिणेकडून थोडा पूर्वेला. तिकडे रोखून १४० किंवा १८० आलं तर तुम्ही उभे आहात त्या जागेवर विश्वास ठेवू नका, पुढे सरका आणि परत बघा.

धुक्यात दिशा आणि उंची एकत्र वापरायची. सोंड कोणत्या दिशेने उतरते ते होकायंत्राने धरा, कुठे वळायचं ते अल्टिमीटरने. आणि वळणाच्या उंचीच्या पन्नास मीटर आधीपासूनच सगळ्यांना हळू चालायला सांगा, कारण तेवढी चूक घड्याळात असू शकते हे तुम्हाला आता माहीत आहे.